विभाजन बिंदू आणि रेषेचे समीकरण: बिंदू ठेवून उत्तराचा ताळा कसा घ्यावा

विभाजनाचे सूत्र वापरून बिंदू काढला, तो रेषेच्या समीकरणात ठेवला, शून्य आले आणि उत्तरावर बरोबरची खूण केली. दहावी-अकरावीच्या वह्यांत हा ताळा सर्रास दिसतो आणि चुकीची उत्तरे याच ताळ्यातून सहीसलामत सुटतात. गुणोत्तर उलटे घेतले तरी येणारा बिंदू त्याच रेषेवर असतो. चढ चुकला तरी, ज्या बिंदूवरून समीकरण लिहिले तो बिंदू त्या समीकरणात बसतोच. ताळा घेतला जातो, पण चूक जिथे झालेली असते त्या जागेला तो शिवतही नाही.

म्हणून या लेखात एकाच गोष्टीवर भर आहे: कोणता बिंदू कशात ठेवल्यावर नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही. त्यासाठी शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरू.

A(−3, 5) आणि B(7, −10) हे दोन बिंदू दिले आहेत.
(अ) रेषा AB चे समीकरण काढा.
(आ) रेख AB ला 2 : 3 या गुणोत्तरात विभागणाऱ्या P बिंदूचे निर्देशक काढा.

समजा आपली उत्तरे आली: समीकरण 3x + 2y − 1 = 0 आणि बिंदू P(1, −1). ही उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे अजून आपल्याला माहीत नाही, असे धरून पुढे जायचे आहे. दोन्ही बिंदूंत ऋण संख्या मुद्दाम घेतल्या आहेत, कारण या प्रकरणातल्या बहुतेक चुका चिन्हाच्या असतात.

## तयारी: ताळा घेण्याआधी

### 1. दिलेले बिंदू प्रश्नपत्रिकेवरून पुन्हा उतरवा

ताळ्यासाठी लागणारे A आणि B तुमच्या सोडवणुकीतून उचलू नका. प्रश्न पुन्हा वाचा आणि कच्च्या कामाच्या कोपऱ्यात बिंदू नव्याने लिहा. प्रश्नात B(7, −10) असताना सोडवताना तुम्ही B(7, 10) लिहिले असेल, तर पुढचे सगळे गणित त्या चुकीच्या B शी इमानदार राहील. समीकरण चुकीच्या B मधून जाईल, त्याच B चा ताळा जुळेल आणि काही खटकणार नाही. प्रश्नातला मूळ B ठेवला तरच ही चूक उघडी पडते.

बिंदू लिहिताना ऋण संख्येला कंस करा. A साठी x = (−3), y = (5) असे लिहिले की 3x च्या जागी 3(−3) आपोआप येते. कंस न करता 3 − 3 असे लिहून शून्य काढणारे विद्यार्थी कमी नाहीत.

### 2. गुणोत्तर कोणाकडून कोणाकडे, हे एका ओळीत लिहा

"P हा रेख AB ला 2 : 3 मध्ये विभागतो" याचा अर्थ AP : PB = 2 : 3. ही ओळ लिहून ठेवा. पुढचा सगळा ताळा या ओळीशी घ्यायचा आहे, सूत्राशी नाही.

प्रश्नातली भाषा बदलते तेव्हा ही ओळ लिहिणे जास्तच गरजेचे होते. तेच गुणोत्तर "3AP = 2PB" असे दिले जाते. यात 3 हा आकडा AP शेजारी दिसतो म्हणून AP : PB = 3 : 2 लिहिण्याचा मोह होतो, पण दोन्ही बाजूंना 3PB ने भागले की AP/PB = 2/3 येते. "AP : AB = 2 : 5" असे दिले असेल, तर 5 हा पूर्ण रेषाखंडाचा वाटा आहे, PB चा वाटा 5 − 2 = 3. आणि "रेख BA ला 2 : 3 मध्ये" असे असेल, तर BP : PA = 2 : 3, म्हणजे AP : PB = 3 : 2.

सावधान: ही ओळ चुकली तर पुढचा कोणताही ताळा तुम्हाला वाचवू शकत नाही. ताळा उत्तराची तुलना या ओळीशी करतो. ओळच चुकीची असेल, तर चुकीचे उत्तर तंतोतंत जुळेल.

## भाग पहिला: रेषेच्या समीकरणाचा ताळा

### 3. दोन्ही बिंदू ठेवा, आणि न वापरलेला बिंदू आधी ठेवा

समीकरण काढताना आपण साधारणपणे आधी चढ काढतो आणि मग एका बिंदूवरून समीकरण लिहितो. इथे

चढ m = (−10 − 5) / (7 − (−3)) = −15/10 = −3/2

आणि A वरून y − 5 = −3/2 (x + 3). त्यापुढे 2y − 10 = −3x − 9, म्हणजे 3x + 2y − 1 = 0.

आता A हा बिंदू समीकरण लिहितानाच वापरला आहे. y − 5 = m(x + 3) या ओळीत x = −3, y = 5 ठेवले, तर m काहीही असला तरी दोन्ही बाजू शून्य होतात. त्यामुळे A जुळणे हा चढाचा पुरावा नाही. चढ तपासणारा बिंदू B आहे, म्हणून आधी B ठेवा.

B: 3(7) + 2(−10) − 1 = 21 − 20 − 1 = 0
A: 3(−3) + 2(5) − 1 = −9 + 10 − 1 = 0

दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते. म्हणून दोन्ही शून्य आले की समीकरण बरोबर आहे, तिसरा बिंदू शोधायची गरज नाही. काही जण AB चा मध्यबिंदूही ठेवून बघतात. त्याने नवीन काहीच कळत नाही, कारण दोन टोके समीकरणात बसत असतील तर मध्यबिंदू बसणारच.

तपासा: बिंदू ठेवायचे ते शेवटच्या, उत्तर म्हणून लिहिलेल्या समीकरणात. y − 5 = −3/2 (x + 3) या मधल्या ओळीत ठेवले, तर त्यानंतर छेद काढताना आणि पदे इकडची तिकडे नेताना झालेल्या चुका तपासल्या जात नाहीत. प्रत्यक्षात सर्वाधिक चुका तिथेच होतात.

### 4. शून्य आले नाही तर उरलेली संख्या वाचा

ताळा जुळला नाही की बहुतेक जण सगळे खोडून पहिल्यापासून सुरुवात करतात. त्याआधी दोन्ही बिंदूंवर काय उरले ते बघा. चूक कुठे आहे, हे ती उरलेली संख्याच सांगते.

दोन्ही बिंदूंवर एकच संख्या उरली. समजा छेद काढताना 2 ने गुणायचे, पण 5 ला गुणायचे राहिले: 2y − 5 = −3x − 9. यातून 3x + 2y + 4 = 0 येते. आता

A: −9 + 10 + 4 = 5
B: 21 − 20 + 4 = 5

दोन्हीकडे 5. याचा अर्थ x आणि y चे सहगुणक बरोबर आहेत, म्हणजे चढ बरोबर आहे, फक्त स्थिर पद 5 ने जास्त झाले आहे. 4 मधून 5 वजा केले की −1 मिळतो आणि समीकरण 3x + 2y − 1 = 0 होते. हे असे का होते? सहगुणक बरोबर असतील तर 3x + 2y ची किंमत रेषेवरच्या प्रत्येक बिंदूसाठी सारखीच येते, इथे ती 1 आहे. मग स्थिर पदातली चूक प्रत्येक बिंदूवर सारखीच दिसणार. अशा वेळी पूर्ण गणित पुन्हा करायची गरज नाही, पण कोणत्या ओळीत 5 घसरला ते शोधून उत्तरपत्रिकेतली ती ओळ दुरुस्त करा. फक्त शेवटची ओळ बदलली, तर मधली पायरी आणि उत्तर यांचा मेळ बसत नाही.

एकावर शून्य, दुसऱ्यावर दुसरेच काही. समजा चढ काढताना वरखाली झाले आणि m = 10/(−15) = −2/3 घेतला. A वरून समीकरण येते 2x + 3y − 9 = 0.

A: −6 + 15 − 9 = 0
B: 14 − 30 − 9 = −25

A वापरलेला होता म्हणून तो जुळला. पुढची आकडेमोड ठीक आहे, चूक चढात आहे. थेट चढाच्या ओळीकडे जा. तिथे दोन गोष्टी बघा: y चा फरक वर आणि x चा फरक खाली आहे का, आणि वर ज्या क्रमाने वजाबाकी केली (B मधून A) त्याच क्रमाने खाली केली का.

दोन्हीकडे शून्य नाही आणि संख्याही वेगवेगळ्या. इथे एक तर एकापेक्षा जास्त चुका आहेत, किंवा छेद काढताना x च्या अथवा y च्या सहगुणकाला धक्का लागला आहे. इथे मात्र चढापासून पुन्हा सुरुवात करणेच बरे.

सावधान: शून्य न येण्याचे कारण ताळ्यातली घाईही असू शकते. उत्तर खोडण्याआधी ताळ्याची ओळ एकदा परत बघा. x च्या जागी y चा आकडा ठेवला गेला नाही ना? B साठी 3(−10) + 2(7) − 1 केले की −17 येते आणि बरोबर उत्तर विनाकारण खोडले जाते.

### 5. चढ आणि एकच बिंदू दिला असेल तर

अकरावीला असे प्रश्न येतात: A(−3, 5) मधून जाणाऱ्या आणि चढ −3/2 असलेल्या रेषेचे समीकरण काढा. इथे दुसरा बिंदू दिलेला नाही, म्हणून बरेच जण A ठेवून थांबतात. वर बघितलेच की त्याने चढ तपासला जात नाही.

दुसरा बिंदू चढावरून स्वतः तयार करा. चढ −3/2 म्हणजे x मध्ये 2 वाढले की y 3 ने कमी होतो. A पासून 2 उजवीकडे आणि 3 खाली गेलो की (−1, 2) येतो. आता तो ठेवा:

3(−1) + 2(2) − 1 = −3 + 4 − 1 = 0

हा बिंदू समीकरणावरून काढू नका. समीकरणात x = −1 ठेवून y काढला आणि तोच बिंदू पुन्हा समीकरणात ठेवला, तर समीकरण कितीही चुकीचे असले तरी शून्य येईल. बिंदू चढावरून तयार व्हायला हवा आणि समीकरणात तपासला जायला हवा. वाटा वेगळ्या असतील तरच ताळ्याला अर्थ आहे.

दिलेल्या रेषेला लंब असलेल्या रेषेच्या प्रश्नात याच रीतीला एक पायरी जोडावी लागते. P(1, −1) मधून जाणारी आणि AB ला लंब असलेली रेषा घ्या. तिचे समीकरण 2x − 3y − 5 = 0 आले. P ठेवला: 2 + 3 − 5 = 0. चढ 2/3 असल्यामुळे 3 उजवीकडे, 2 वर जाऊन (4, 1) घेतला: 8 − 3 − 5 = 0. इथपर्यंत एवढेच ठरले की रेषा P मधून जाते आणि तिचा चढ 2/3 आहे. ती AB ला लंब आहे की नाही, हे चढांच्या गुणाकारावरून स्वतंत्र बघायचे: (−3/2) × (2/3) = −1. हा गुणाकार न बघता थांबलात, तर चढाचे चिन्ह बदलायचे राहिल्याची चूक तशीच पुढे जाते.

## भाग दुसरा: विभाजन बिंदूचा ताळा

### 6. आधी नजरेचा ताळा

आकडेमोड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. याला काही सेकंद लागतात आणि ढोबळ चुका इथेच सापडतात.

पहिला: P चे दोन्ही निर्देशक A आणि B च्या निर्देशकांच्या दरम्यान आहेत का? x निर्देशक −3 आणि 7 यांच्या दरम्यान हवा, y निर्देशक −10 आणि 5 यांच्या दरम्यान. P(1, −1) बसतो. समजा y काढताना −10 चे ऋण चिन्ह सुटले आणि (20 + 15)/5 = 7 आले, तर 7 हा 5 च्या बाहेर आहे. उत्तर चुकले हे लगेच कळते.

दुसरा: P कोणाच्या जवळ आहे? AP : PB = 2 : 3 मध्ये AP लहान आहे, म्हणून P हा A च्या जवळ हवा. हे x आणि y दोन्हींसाठी वेगवेगळे बघा. समजा −3 चे चिन्ह सुटून x = (14 + 9)/5 = 23/5, म्हणजे 4.6 आले. 4.6 हा −3 आणि 7 यांच्या दरम्यान आहे, पहिल्या प्रश्नात तो सुटला. पण तो 7 च्या जवळ आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नात पकडला जातो.

नजरेचा ताळा पुरेसा मात्र नाही. 3 × (−3) चे −9 ऐवजी −6 लिहिले, तर x = 8/5 येते. तो दरम्यानही आहे आणि A च्या जवळही आहे. अशी चूक पुढच्या टप्प्यातच सापडते.

### 7. फरकांचा ताळा

विभाजन बिंदूसाठी माझा भरवसा याच ताळ्यावर आहे आणि एकच ताळा घ्यायला वेळ असेल तर हाच घ्यावा. A पासून P पर्यंत x किती बदलला आणि y किती बदलला, P पासून B पर्यंत किती बदलला, हे चिन्हांसह लिहा.

A(−3, 5) पासून P(1, −1): x मध्ये 1 − (−3) = 4, y मध्ये −1 − 5 = −6
P(1, −1) पासून B(7, −10): x मध्ये 7 − 1 = 6, y मध्ये −10 − (−1) = −9

x च्या फरकांचे गुणोत्तर 4 : 6 = 2 : 3. y च्या फरकांचे गुणोत्तर (−6) : (−9) = 2 : 3. दोन्ही 2 : 3, आणि टप्पा 2 मध्ये लिहिलेल्या ओळीशी जुळतात. P बरोबर आहे.

अपूर्णांक आले तर गुणोत्तर सोपे करत बसू नका, तिरकस गुणाकार करा. पहिल्या फरकाला 3 ने आणि दुसऱ्याला 2 ने गुणले की सारखे यायला हवे: 3 × 4 = 12 आणि 2 × 6 = 12; 3 × (−6) = −18 आणि 2 × (−9) = −18.

आता वरची 8/5 वाली चूक बघा. A पासून फरक 8/5 + 3 = 23/5, B पर्यंतचा फरक 7 − 8/5 = 27/5. गुणोत्तर 23 : 27. सापडली.

या ताळ्यात सूत्र कुठेच वापरलेले नाही, फक्त वजाबाकी आहे. त्यामुळे सूत्र चुकीचे आठवले असले तरी ताळा त्या चुकीत ओढला जात नाही. तेच सूत्र पुन्हा वापरून तोच बिंदू काढणे म्हणजे ताळा नाही. सूत्रातल्या m : n या गुणोत्तरातल्या m आणि n ची जागा एकदा उलटी बसलेली असली, तर दुसऱ्यांदाही ती तशीच उलटी बसते.

तपासा: x आणि y या दोन्हींची गुणोत्तरे काढली का? एकच निर्देशक तपासून थांबू नका. P(1, 1) असे उत्तर आले असते तरी x चे फरक 4 : 6 जुळलेच असते.

### 8. रेषेत ठेवणे का पुरत नाही

गुणोत्तर उलटे घेऊन बिंदू काढला असे समजा:

x = (3×7 + 2×(−3)) / 5 = 15/5 = 3
y = (3×(−10) + 2×5) / 5 = −20/5 = −4

हा (3, −4) रेषेच्या समीकरणात ठेवला तर 9 − 8 − 1 = 0. जुळले! कारण हा बिंदू AB वरच आहे, फक्त चुकीच्या जागी. फरक काढले तर A पासून (6, −9) आणि B पर्यंत (4, −6), म्हणजे 3 : 2. उलटे झाल्याचे लगेच दिसते.

रेषेच्या समीकरणात ठेवल्याने एवढेच कळते की बिंदू रेषेवर आहे. रेषेवर असंख्य बिंदू असतात, त्यांतला आपल्याला हवा तो हाच का, हे त्यातून कळत नाही. उलट बाजूने मात्र हा ताळा उपयोगी आहे: P समीकरणात बसला नाही, तर P किंवा समीकरण यांपैकी काहीतरी नक्की चुकले आहे. प्रश्नात बिंदू आणि समीकरण दोन्ही विचारले असतील, तर तो घ्याच. फक्त बिंदू विचारला असेल, तर ताळ्यासाठी मुद्दाम समीकरण काढण्यात वेळ घालवू नका. x आणि y च्या फरकांचे गुणोत्तर सारखे आले की बिंदू रेषेवर आहे हे त्यातच सिद्ध होते.

### 9. अंतराचे सूत्रही पुरत नाही

काही शिक्षक AP आणि PB ही अंतरे काढून गुणोत्तर बघायला सांगतात. आपल्या P साठी AP = √(16 + 36) = 2√13 आणि PB = √(36 + 81) = 3√13. गुणोत्तर 2 : 3 आले, दिसायला छान आहे. पण यात दोन अडचणी आहेत.

वर्ग केल्यावर चिन्ह नाहीसे होते. सूत्रात बेरजेऐवजी वजाबाकी केली, म्हणजे अंतर्विभाजनाऐवजी बाह्यविभाजनाचे सूत्र वापरले गेले, तर

x = (14 + 9) / (2 − 3) = −23
y = (−20 − 15) / (2 − 3) = 35

(−23, 35) हा बिंदू A च्या पलीकडे, रेषाखंडाच्या बाहेर आहे. त्याचे A पासूनचे अंतर √(400 + 900) = 10√13 आणि B पासूनचे √(900 + 2025) = 15√13. गुणोत्तर पुन्हा 2 : 3! रेषेचे समीकरणही जुळते: −69 + 70 − 1 = 0. म्हणजे रेषा आणि अंतर असे दोन्ही ताळे पास होऊनही उत्तर चूक. फरकांच्या ताळ्यात मात्र A पासून (−20, 30) आणि B पर्यंत (30, −45) येते. चिन्हे विरुद्ध आहेत, म्हणजे बिंदू A आणि B च्या मध्ये नाही. नजरेच्या ताळ्यातही हा बिंदू पहिल्याच प्रश्नाला अडकला असता.

दुसरी अडचण अशी की अंतरांचे गुणोत्तर 2 : 3 असलेले बिंदू रेषेबाहेरही असतात, ते सगळे मिळून एक वर्तुळ होते. त्यामुळे अंतरावरून बिंदू रेषेवर असल्याचेही ठरत नाही. शिवाय वर्ग आणि वर्गमूळ करताना नव्या चुका होतात त्या वेगळ्याच. विभाजनाच्या ताळ्यासाठी अंतराचे सूत्र मी वापरू नका असेच सांगेन.

## भाग तिसरा: जरा वेगळे प्रश्न

### 10. गुणोत्तर काढायचे असेल तेव्हा

"X-अक्ष रेख AB ला कोणत्या गुणोत्तरात विभागतो?" X-अक्षावर y = 0. y चे फरक बघा: 5 पासून 0 म्हणजे −5, 0 पासून −10 म्हणजे −10. गुणोत्तर 1 : 2. मग x = (1×7 + 2×(−3)) / 3 = 1/3. बिंदू (1/3, 0).

इथे एक बारीक मुद्दा आहे. गुणोत्तर y वरून काढले, म्हणून y चे फरक जुळणारच, त्याचा ताळा म्हणून उपयोग नाही. ताळा x वर घ्या: 1/3 + 3 = 10/3 आणि 7 − 1/3 = 20/3, गुणोत्तर 1 : 2. जुळले. "P(k, −1) हा रेख AB ला कोणत्या गुणोत्तरात विभागतो आणि k ची किंमत किती" अशा प्रश्नांतही हेच: ज्या निर्देशकावरून गुणोत्तर काढले तो सोडून दुसऱ्यावर ताळा.

गुणोत्तर k : 1 मानून सोडवले आणि k ऋण आला, तर घाबरून चिन्ह बदलू नका. दिलेला बिंदू खरोखरच रेषाखंडाच्या बाहेर आहे का ते नजरेच्या ताळ्याने बघा. प्रश्नात तो रेषाखंडावर आहे असे स्पष्ट म्हटले असेल, तर चूक तुमच्या मांडणीत आहे.

### 11. उभ्या आणि आडव्या रेषा

A(4, −1) आणि B(4, 6) असे बिंदू असतील तर x चे सगळे फरक शून्य येतात आणि 0 : 0 वरून काही ठरत नाही. अशा वेळी P चा x निर्देशक 4 च आहे ना, एवढे बघा आणि गुणोत्तर फक्त y वर तपासा. चढ काढायला गेलात तर छेदात शून्य येते. ती चूक नाही, त्या रेषेला चढच नसतो. समीकरण x = 4 असे लिहा आणि दोन्ही बिंदूंचा x निर्देशक 4 आहे हे बघा, ताळा झाला. आडव्या रेषेला हेच y साठी.

### 12. दोन रेषांचा छेदनबिंदू

छेदनबिंदू दोन्ही मूळ समीकरणांत ठेवायचा, आणि मूळ म्हणजे प्रश्नात दिलेल्या. एक समीकरण 2 ने, दुसरे 3 ने गुणून तुम्ही लोप केला असेल, तर त्या गुणलेल्या समीकरणांत बिंदू ठेवू नका. गुणाकारात एखादे पद सुटले असेल तर ते तिथे दिसणार नाही. x काढल्यावर y ज्या समीकरणातून काढला, ते जुळणारच. खरा ताळा दुसऱ्या समीकरणाचा असतो.

## उत्तरपत्रिकेत ताळा कुठे लिहावा

"पडताळा घ्या" असे प्रश्नात म्हटलेले नसेल, तर ताळा कच्च्या कामाच्या जागेत करा. दहावीचा भूमितीचा पेपर दोन तासांचा आणि 40 गुणांचा असतो. फरकांच्या ताळ्याला चार वजाबाक्या आणि समीकरणाच्या ताळ्याला दोन ओळी लागतात, तेवढा वेळ त्यात बसतो. ताळा प्रश्न संपल्या संपल्या घ्या. पेपरच्या शेवटी घ्यायचा ठेवला, तर कोणता बिंदू वापरला होता आणि कोणता नाही, हे शोधण्यातच वेळ जातो.

आणि ताळा जुळला नाही, पण चूकही सापडत नाही, अशी वेळ आली तर उत्तर खोडू नका. ताळ्यातून काय कळले ते आठवा: x जुळतो आणि y जुळत नाही, की दोन्ही नाहीत? x चे फरक जुळत असतील, तर x ची ओळ बरोबर आहे. फक्त y ची ओळ नव्याने, प्रश्नपत्रिकेतले आकडे समोर ठेवून लिहा. दोन्ही जुळत नसतील आणि दोन्हींचे गुणोत्तर 3 : 2 असे उलटे येत असेल, तर आकडेमोड ठीक आहे, फक्त m आणि n ची जागा बदलून दोन्ही ओळी पुन्हा करा.